लांब बासखाली किक दबते, तीही एक सोडून एक: साईडचेन किती खोल आणि किती वेळ

प्रश्न: १२५ बीपीएमचा मेलोडिक टेक्नो ट्रॅक करतोय. बास म्हणजे खालच्या जी वर दोन-दोन बार ताणून धरलेला एकच सूर. किक सोलो ऐकली तर छातीत बसते, पण बास आला की दबते. गंमत म्हणजे एक सोडून एक किक जास्त बसकी वाटते. बासवर कॉम्प्रेसर टाकून त्याला किकचा साईडचेन दिलाय. मीटर आठेक डेसिबल खाली जातो, तरी किक बाहेर येत नाही, वर बासमध्ये टक-टक ऐकू येतं. आधीचा ट्रॅक एफ मध्ये होता, तिथे हेच सेटिंग चाललं होतं. चुकतंय कुठे? एबलटन लाइव्ह वापरतो.

उत्तर:

'एक सोडून एक' हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळी गोम तिथेच आहे.

खालचा जी म्हणजे ४९ हर्ट्झ. सेकंदाला ४९ लाटा, एक लाट साधारण २० मिलिसेकंदांची. १२५ बीपीएमला एका किकपासून पुढच्या किकपर्यंत ४८० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात बासच्या किती लाटा होतात? ४९ गुणिले ०.४८, म्हणजे साडेतेवीस. हा 'साडे' तुम्हाला छळतोय. बास तुम्ही दोन बार ताणून धरता, त्यामुळे त्याची लाट मध्ये कुठेही नव्याने सुरू होत नाही. पहिल्या किकला लाट वर चढत असेल, तर दुसऱ्या किकला ती बरोबर अर्धी लाट सरकून खाली उतरत असते. तिसरीला परत वर. तुमच्या किकचं धड बहुधा ५० हर्ट्झच्या आसपास आहे, कारण बहुतेक टेक्नो किकचं तिथेच असतं. म्हणजे एका ठोक्याला बास किकच्या खांद्याला खांदा लावतो आणि पुढच्याला तिचे पाय ओढतो.

आता तुमचा एफ वाला ट्रॅक बघा. तो एफ ४३.६५ हर्ट्झचा. त्याला ०.४८ ने गुणलं की २०.९५ येतात, जवळजवळ पूर्ण एकवीस. प्रत्येक किकला बासची लाट जवळपास त्याच जागी सापडत होती. ती सरकत होती, पण इतकी हळू की पूर्ण फेरी व्हायला पाच बार लागत. तेव्हा सेटिंग बरोबर होतं असं नाही, सुराने आणि गतीने तुम्हाला सांभाळून घेतलं होतं. (उलटं कुतूहल असेल तर प्रोजेक्टची गती १२२.५ करून बघा. तिथे जी च्या दोन किकमध्ये नेमक्या चोवीस लाटा बसतात आणि एक सोडून एक हा प्रकार गायब होतो. सूर बदलला की परत येतो, म्हणून हा इलाज नव्हे, पण निदान पक्कं होतं.)

हे कानावर सोडू नका, डोळ्यांनी बघा. फक्त किक आणि बास चालू ठेवून आठ ठोके नव्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि वेव्हफॉर्म मोठा करा. ठोक्यांची उंची मोठी-लहान-मोठी-लहान अशी दिसली तर रोग हाच. मास्टरवर लिमिटर असेल तर आधी काढा, नाहीतर तो सगळे डोंगर एका उंचीला कापेल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही.

मग आठ डेसिबल का पुरले नाहीत? किक आणि बास दोघांची खालची पातळी सारखी धरू. साईडचेन नसताना दोन्ही लाटा जुळल्या तर बेरीज ६ डेसिबलने वाढते, आणि बरोबर उलट्या पडल्या तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. बास ८ डेसिबल खाली नेला म्हणजे त्याची लाट मूळच्या ०.४ पट उरते. जुळल्या तर बेरीज १.४, उलट्या पडल्या तर ०.६. या दोघांत अजूनही ७ डेसिबलपेक्षा जास्त फरक आहे, म्हणजे एक किक दुसरीच्या दुपटीहून उंच. बास १२ डेसिबल खाली नेला तरी साडेचारच्या आसपास फरक उरतो. १८ डेसिबल खाली नेला की बास आठव्या हिश्श्यावर येतो आणि दोन किकमधला फरक दोन-सव्वादोन डेसिबलवर येतो, जो नाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून सहा-आठ डेसिबल पुरे हा सर्रास दिला जाणारा सल्ला तोडक्या बाससाठी चालतो, ताणलेल्या सबला नाही.

पण अख्खा बास १८ डेसिबल खाली आपटलात तर ट्रॅकला धाप लागेल. दर ठोक्याला बासची गुरगुर, फिल्टरची हालचाल, सगळंच गायब होईल. फ्रेंच हाउसमध्ये ती धाप हाच दागिना होता. तुम्हाला मात्र सूर अखंड वाहता हवाय. तेव्हा बास दोन भागांत करा आणि खालच्याला खोल, वरच्याला उथळ दाबा. सबमध्ये खोल खड्डा चालतो, कारण त्याच वेळी किक स्वतः ५० हर्ट्झ भरून काढत असते. कानाला खालचा भाग सलग लागतो, तो कोण वाजवतंय याचा हिशेब कान ठेवत नाही. वर २०० ते ५०० हर्ट्झमध्ये किककडे भरायला फारसं काही नसतं, म्हणून तिथला खड्डा लगेच उघडा पडतो.

दोन भाग करताना एकाच ऑडिओच्या दोन प्रती काढून, एकीला लो-पास आणि दुसरीला हाय-पास लावून परत जोडू नका. ज्या फ्रिक्वेन्सीवर दोन फिल्टर भेटतात तिथे दोन्ही प्रतींचे फेज वेगवेगळे सरकतात आणि बासच्या पोटात भोक पडतं. मिडी आहे तर तीच नोट दोन ट्रॅकवर वाजवा. एकावर फक्त साइन, डिट्यून नाही, कोरस नाही, स्टिरिओ नाही. हा सब. दुसऱ्यावर तुमचा मूळ बास, १२० हर्ट्झखाली कापलेला. दोन सॉ किंचित बेसूर लावून केलेला जाड बास सबच्या पट्ट्यातही तसाच ठेवला तर तो स्वतःच फुगतो-ओसरतो, आणि वरचं गणित कोलमडतं.

साईडचेन म्हणजे कॉम्प्रेसरचे कान एकीकडे आणि हात दुसरीकडे. आकाशवाणीवर निवेदक बोलायला लागला की कंट्रोल रूममधला माणूस संगीताचा फेडर खाली घेतो, तसंच: ऐकायचं निवेदकाला, ओढायचं संगीताला. बास किती दबेल हे बासच्या पातळीवर ठरत नाही. कानाला जो आवाज येतोय तो थ्रेशोल्डच्या किती वर गेला, त्यावर ठरतं. हे विसरलं की पुढची फजिती होते, आणि ती माझी झालेली आहे. एका कार्यक्रमाच्या तासभर आधी मला किक कमी वाटली म्हणून मी तिचा फेडर ३ डेसिबल वर केला. साईडचेन किकच्या फेडरनंतर घेतलेला होता आणि रेशो ४:१. किक तीनने वर गेली, तिच्यामुळे बास आणखी सव्वादोनने खाली गेला, म्हणजे दोघांमधला तोल पाच डेसिबलच्या वर हलला. त्या रात्री बास लोकांना शोधावा लागला.

म्हणून मी खऱ्या किकला कॉम्प्रेसरच्या कानाशी नेतच नाही. तिच्या जागी एक मुका ट्रॅक ठेवतो, ज्याला लोक घोस्ट ट्रिगर म्हणतात. त्यावर साधा सिंथ, साइन, १००० हर्ट्झच्या आसपासचा सूर (वरचा बी चालेल), अटॅक शून्य, सस्टेन पूर्ण, रिलीज जवळपास शून्य. दर किकच्या जागी एक सोळावा भाग लांबीची नोट. ट्रॅकचं आउटपुट `Sends Only` वर, म्हणजे तो कुणाला ऐकू येणार नाही. सबवरच्या कॉम्प्रेसरमध्ये त्रिकोण दाबून साईडचेनचा भाग उघडा, `Audio From` मध्ये हा ट्रॅक निवडा, खाली `Post FX`. आता किकचा फेडर, इक्यू, सॅम्पल काहीही बदला, बासचा खड्डा जसाच्या तसा राहतो.

१००० हर्ट्झच का, यालाही कारण आहे, आणि तुमच्या टक-टकीचा अर्धा उलगडा त्यात आहे. खऱ्या किकचं धड ५० हर्ट्झचं, म्हणजे तिची लाट दर १० मिलिसेकंदांनी शून्यातून जाते. रिलीज १५-२० मिलिसेकंदांचा ठेवला तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेच्या पोटात सुटायला लागतो आणि पुढच्या उंचीला परत धरतो. बासची पातळी सेकंदाला शंभर वेळा थरथरते. ती खरखर असते, लोक तिला बासचं डिस्टॉर्शन समजून बासमध्ये शोधत बसतात. १००० हर्ट्झची लाट इतकी दाट असते की कॉम्प्रेसरला सुटायला फटच मिळत नाही.

उरलेली टक अटॅकची. आठच्या जागी अठरा डेसिबल खाली जायचंय, म्हणजे ती वाढणारच. ४९ हर्ट्झची गोल लाट अर्ध्या मिलिसेकंदात आठव्या हिश्श्यावर आणली तर ती लाट राहत नाही, तिला कोपरा येतो, आणि कोपऱ्यातून वरच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी उडतात. तीच टक. लोक अटॅक शून्याजवळ ठेवतात, कारण किकच्या पहिल्या क्षणीच जागा हवी असं वाटतं. तशी ती नको असते. इलेक्ट्रॉनिक किक वरून खाली घसरत येते, पहिले वीसेक मिलिसेकंद ती शे-दोनशे हर्ट्झच्या वरच असते. सबशी तिची गाठ त्यानंतर पडते. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. अटॅक ५ ते ८ मिलिसेकंद ठेवा. त्यावरही सूक्ष्म टक उरली तर सबच्या चेनमध्ये लो-पास कॉम्प्रेसरच्या नंतर ठेवा, १२० हर्ट्झला, जरा उभ्या उताराचा. कोपऱ्यातून उडालेलं सगळं तो गिळतो. हाच फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी असेल तर त्याचा टकीसाठी काही उपयोग नाही. हे मला कळायला लाजिरवाणी वर्षं लागली.

आता आकडे. घोस्टचा सूर −१० डेसिबलला ठेवा. सबच्या कॉम्प्रेसरचा मोड `Peak`, थ्रेशोल्ड −३४, रेशो ४:१. सूर थ्रेशोल्डच्या २४ वर गेला. चारास एक म्हणजे त्यातले फक्त ६ सुटतात, उरलेले १८ कापले जातात. वरच्या बासवर दुसरा कॉम्प्रेसर, कान त्याच घोस्टकडे, थ्रेशोल्ड −१६, रेशो ३:१. इथे सूर ६ वर, त्यातले ४ कापले जातात. मीटर आकड्याच्या थोडा अलीकडे थांबला तर घाबरू नका, अटॅकमुळे तसं होतं. मेकअप गेन दोन्हीकडे बंद. तो चालू राहिला तर किक नसतानाचा बास विनाकारण फुगतो आणि तुम्ही सुधारणा झाली की आवाज वाढला यात गोंधळता.

खड्डा किती लांब ठेवायचा ते किक सांगते. किकचं सॅम्पल उघडा आणि तिची शेपटी मूळ उंचीच्या एक दशांशावर कुठे येते ते पाहा. समजा १८० मिलिसेकंद. तुमच्या गतीला सोळावा भाग बरोबर १२० मिलिसेकंदांचा येतो. घोस्टची नोट तेवढी आहे, म्हणजे तेवढा वेळ सब तळाला थांबेल. तिथून रिलीज सुरू होईल. तो ८० ठेवा. पण ८० लिहिलं म्हणून ८० मध्ये सब पूर्ण वर येतो असं नाही. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये तो आकडा परतीचा मोठा हिस्सा पूर्ण होण्याचा असतो, शेवटचे डेसिबल रेंगाळत येतात. व्यवहारात सब २५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान घरी परततो, म्हणजे दोन किकच्या मध्याच्या जरासा पुढे. तोवर किकची शेपटी संपलेली असते. घोस्टचा हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो: थांबण्याची लांबी नोटने ठरते, परतीचा वेग रिलीजने, आणि एकाला हात लावल्याने दुसरं बिघडत नाही. खऱ्या किकने कॉम्प्रेसर चालवलात तर हे दोन्ही तिच्या शेपटीत गुंतलेले असतात.

वरच्या बासचा रिलीज थोडा जास्त, दीडशेच्या आसपास ठेवा. त्याचा खड्डा उथळ आहे, हळू भरला तर डुलल्यासारखा वाटतो, आणि मेलोडिक टेक्नोला तेवढं डुलणं शोभतं.

रिलीज फार लांबला की एक फसवी गोष्ट घडते. पुढची किक येईपर्यंत बास पूर्ण वर आलेलाच नसतो, मीटर शून्याला शिवत नाही. ऐकताना साईडचेन जाणवत नाही, बास नुसता कमी वाटतो. मग माणूस बासचा फेडर वर करतो, किक पुन्हा दबते, मग थ्रेशोल्ड आणखी खाली, मग परत फेडर. रात्रीचे दोन वाजतात आणि सगळं होतं तिथेच. तेव्हा प्रत्येक किकच्या आधी गेन रिडक्शनचा मीटर एकदा तरी शून्याला टेकतोय ना, एवढं पाहत जा.

हे सगळं लावून झालं की ते आठ ठोके परत रेकॉर्ड करा, किक आणि सबच. उंची आता जवळपास सारखी दिसायला हवी. अजूनही एक सोडून एक फरक स्पष्ट दिसत असेल तर बहुधा मूळ बासचा हाय-पास नीट लागलेला नाही, आणि त्याच्यातून ४९ हर्ट्झ अजून गळतोय. तो म्यूट करून बघितलं की कळतं.

स्पीकरवर तपासताना एक खबरदारी. खोली अकरा फूट लांब असेल, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम तेवढीच असते, तर तिच्या लांबीची पहिली अनुनाद फ्रिक्वेन्सी ५१ हर्ट्झच्या आसपास पडते. म्हणजे नेमकी तुमच्या किक-बासच्या भांडणाची जागा. अशा खोलीच्या मध्यावर बसलात तर ५० हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकलात तर नको इतका येतो. मध्यावर बसून साईडचेन लावणारा माणूस किक कधीच पुरेशी वाढवून समाधानी होत नाही. खुर्ची पुढे-मागे सरकवून ऐका, आणि अखेरचा निर्णय बंद हेडफोनवर घ्या.

व्हॉल्यूमचा आकार काढणारे प्लगइन, LFOTool किंवा Kickstart सारखे, हेच काम कॉम्प्रेसरशिवाय करतात, आणि सरळ चौकटीच्या चार ठोक्यांसाठी मला ते आवडतातही. खड्डा डोळ्यांसमोर काढता येतो. पण तुमच्या ट्रॅकमध्ये फिलच्या जागी किक अडखळली किंवा एखादी गाळली तर गतीला बांधलेला आकार तिथेही खड्डा पाडत राहतो, जोवर तुम्ही त्याला मिडीने चालवत नाही. घोस्टमध्ये ती नोट खोडली की काम झालं. उलट ब्रेकडाउनमध्ये किक नसताना डुलणं हवं असेल तर नोटा तशाच राहू द्यायच्या.

आणि हेही ध्यानात असू द्या की काही संगीतात हा प्रश्न लिहितानाच सोडवलेला असतो. गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेल्या ट्रान्सची पुढची पिढी, सायट्रान्स, घ्या: सोळाव्या भागांपैकी पहिला किकला, उरलेले तीन बासला. १४५ बीपीएमला एक सोळावा भाग १०३ मिलिसेकंदांचा, म्हणून तिथले लोक किकची शेपटी शंभरच्या आत कापतात आणि साईडचेनला क्वचितच हात लावतात. तुमचा सूर ताणलेला आहे, तेव्हा तो मार्ग तुम्हाला बंद. पण किकची शेपटी १८० वरून १३०-१४० पर्यंत आखडून बघायला हरकत नाही. सॅम्पलवर फेड ओढायचा, घोस्टची नोट ९० मिलिसेकंदांवर आणायची, आणि सब तेवढा लवकर घरी.